दर गुरुवारनंतर स्पीकरचा ग्रुप फुटतो, गाणी तुटतात. काय करू?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून. दिवाळीत घरात तीन स्पीकर घेतले, हॉलमध्ये नेस्ट ऑडिओ, किचनमध्ये आणि बेडरूममध्ये एकेक नेस्ट मिनी. सेटअप एकदम सोपा झाला, फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवलं, गुगल होम ॲपमध्ये प्लस दाबलं, स्पीकर सापडला, वायफायचं नाव निवडलं, खोली निवडली, संपलं. मग तिघांचा स्पीकर ग्रुप केला, नाव दिलं "सगळीकडे". आई सकाळी पूजेला बसते तेव्हा अभंग लावते, हॉलमधून किचनमध्ये किचनमधून बेडरूममध्ये फिरली तरी आवाज तिच्याबरोबर, तिला भयंकर आवडलं.

आता प्रॉब्लेम. ग्रुपवर गाणं मधेच दोन सेकंद गप्प होतं, कधी फक्त बेडरूमचं, कधी हॉलचं. आणि दर गुरुवारी, म्हणजे आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते, दुपारी लाईट आली की ग्रुप फुटलेला असतो. फोनवर कास्टचं चिन्ह दाबलं तर "सगळीकडे" दिसतच नाही. पण गंमत अशी की तोंडाने सांगितलं तर स्पीकर गाणं लावतो! म्हणजे नेट आहे, स्पीकर जिवंत आहे, फक्त फोनला दिसत नाही.

मग शुक्रवारी मी सगळं बंद करून परत चालू करतो आणि आठवडाभर कसंबसं चालतं. नेट १०० एमबीपीएसचं फायबर आहे. घर थ्री बीएचके, जुनी बिल्डिंग, भिंती जाड विटांच्या.

फुल्लस्पीड
साधं आहे भाऊ, १०० ला तीन स्पीकर, दोन मोबाईल, टीव्ही एवढं सगळं झेपणार नाही. ३०० चा प्लॅन घे, आमच्याकडे घेतल्यापासून एकदाही अडकलं नाही. आणि तिन्ही स्पीकर एकाच बँडवर पाहिजेत, म्हणजे तिन्ही वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवर नाहीतर तिन्ही ५ वर, नाहीतर ग्रुप होतच नाही.

आजीची_गोधडी
आमच्याकडेही नातवाने असाच एक आणून दिला आहे. मी त्याला मराठीत सांगितलं की स्वयंपाकघरात जरा गाणी लाव तर तो भलतंच काहीतरी ऐकून भाताची रेसिपी सांगायला लागला. त्याला मराठी कधी येणार?

चहाबाज
आजी तुमचा प्रश्न वेगळा आहे हो 😀 पण एक सांगतो, त्याची भाषा हिंदी किंवा इंग्लिश ठेवलेली असेल तर स्पीकरचं नावही त्या भाषेत सहज बोलता येईल असं ठेवायला सांगा नातवाला. आम्ही "स्वयंपाकघर" ठेवलं होतं, पाचातून एकदा कळायचं. "किचन" केलं, मिटलं.

तारेवरची_कसरत
गेली वीस वर्षं लोकांच्या घरात आणि ऑफिसात नेटवर्कच्या केबल ओढतोय, म्हणून विचारतो. सिंहगडरोडकर, घरात राउटर किती? "मी सगळं बंद करून परत चालू करतो" यातलं "सगळं" म्हणजे नक्की काय काय, आणि कुठल्या क्रमाने? नीट आठवून लिहा. आणि इन्व्हर्टर आहे का, असेल तर त्यावर काय काय आहे?

फुल्लस्पीड, गाण्याचा स्ट्रीम चांगल्या क्वालिटीचा असला तरी ३२० केबीपीएसच्या आसपास. शंभरच्या लाईनमध्ये ते पाण्याच्या टाकीतून चमचा काढल्यासारखं आहे. त्यातही ग्रुपवर वाजवताना तिन्ही स्पीकर बाहेरून वेगवेगळं गाणं ओढत नाहीत. एकजण पुढारी होतो, तो नेटवरून घेतो आणि घरातल्या वायफायवरून बाकीच्यांना वाटतो. कोण पुढारी व्हायचं ते त्यांचं ते ठरवतात, आपल्याला निवडता येत नाही. त्यामुळे ग्रुप तुटतो तेव्हा बहुतेक वेळा दोष बाहेरच्या लाईनचा नसतो, घरातल्या हवेचा असतो. प्लॅन वाढवून हवा बदलत नाही.

सिंहगडरोडकर
राउटर दोन आहेत. हॉलमध्ये टीव्हीच्या युनिटच्या आत फायबरचा डबा, त्याचंच वायफाय. बेडरूममध्ये रेंज यायची नाही म्हणून मागच्या वर्षी एक स्वतःचा राउटर घेतला, हॉलच्या डब्यापासून पॅसेजमधून केबल टाकली ती बेडरूमच्या राउटरच्या निळ्या भोकात घातली. दोन्हीचं वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवलाय, म्हणजे फोन आपोआप बदलेल असं भाच्याने सांगितलं होतं.

इन्व्हर्टर आहे पण फक्त बेडरूम आणि पॅसेजच्या पॉइंटवर. हॉलचा डबा त्यावर नाही. स्पीकर एकही नाही.

क्रम: आधी सगळं बंद करतो. मग हॉलचा डबा चालू, त्याचे दिवे स्थिर झाले की हॉलचा स्पीकर, किचनचा, बेडरूमचा, आणि बेडरूमचा राउटर सगळ्यात शेवटी, कारण तो कपाटाच्या मागे आहे आणि मला तो शेवटी आठवतो 🙏

तारेवरची_कसरत
वा! कपाटामागे राउटर विसरायच्या तुमच्या सवयीनेच ग्रुप टिकलाय. आता सांगतो.

निळ्या भोकात केबल म्हणजे बेडरूमचा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवतोय. नाव एकच असलं म्हणून नेटवर्क एक होत नाही. एकाच आडनावाची दोन घरं असतात की नाही, तसं. हॉलच्या घरातला फोन बेडरूमच्या घरातल्या स्पीकरला बघू शकत नाही. नेट मात्र दोन्हीकडे जातं, म्हणून तोंडाने सांगितलं की गाणं लागतं.

आता गुरुवार. लाईट गेली की हॉलचा डबा आणि स्पीकर मेले, बेडरूमचा राउटर इन्व्हर्टरवर जिवंत. लाईट आली की स्पीकर पटकन उठतात, फायबरच्या डब्याला उठायला वेळ लागतो. स्पीकर उठून बघतात तर ओळखीच्या नावाचं वायफाय फक्त बेडरूममधून येतंय. तिघेही तिथे जाऊन चिकटतात. नंतर हॉलचा डबा उठला तरी सिग्नल अगदीच जाईपर्यंत ते तिथून हलत नाहीत. आणि तुमचा फोन हॉलमध्ये बसून हॉलच्या डब्यावर. दिसणार कसा?

शुक्रवारी तुम्ही बेडरूमचा राउटर शेवटी लावता म्हणून तिघेही हॉलवर चिकटतात, ग्रुप दिसतो. पण मग आठवडाभर बेडरूमवाला मिनी दोन जाड भिंतींपलीकडून हॉलचा सिग्नल ऐकतोय, त्याच्या डोक्याशी असलेला राउटर सोडून. म्हणून तो तुटतो. गुरुवारी लाईट आल्यापासून शुक्रवारपर्यंत तुटतो तो हॉलवाला असणार, कारण तेव्हा तो बेडरूमवर असतो. बघा आठवून.

हा माझा अंदाज आहे, पुरावा तुमच्याकडून पाहिजे. पुढच्या गुरुवारी लाईट आली की काहीही बंद-चालू न करता दोन्ही राउटरचं पान उघडा आणि जोडलेल्या उपकरणांची यादी बघा.

फुल्लस्पीड
पण माझं बँडवालं म्हणणं तर बरोबर आहे ना?

तारेवरची_कसरत
नाही. एकाच राउटरच्या २.४ वर एक आणि ५ वर दुसरा असला तरी नेटवर्क तेच, ग्रुप होतो. उलट कधी कधी मुद्दाम एकाला ५ वर टाकायला लागतं, ते पुढे बघू. नेटवर्क एक पाहिजे, बँड नाही.

न्यूजर्सीचा_पंत
इकडे आमच्या घराच्या भिंती लाकडाचा सांगाडा आणि त्यावर जिप्समचे पत्रे, एक राउटर मधोमध ठेवला की तीन मजले कव्हर होतात, त्यामुळे पुण्याला आलो की दरवेळी आश्चर्य वाटतं की एका भिंतीत सिग्नल कसा नाहीसा होतो. नऊ इंची विटेची भिंत आणि आत सळ्या असलेला बीम मधे आला तर ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ संपतंच.

बाकी ग्रुपबद्दल एक, ते पेटंटच्या भांडणामुळे या स्पीकर्समधून ग्रुपचा आवाज एकत्र कमीजास्त करायची सोय काढून टाकलीय ना? त्यामुळे ग्रुपच करू नका, काही उपयोग नाही.

तारेवरची_कसरत
पंत, निम्मं बरोबर. सोनोस कंपनीबरोबरच्या केसमुळे जानेवारी २०२२ मध्ये ती सोय काढली होती, प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा करायला लागायचा. २०२३ च्या शेवटी परत आली. ग्रुप करणं तेव्हाही बंद नव्हतं.

सिंहगडरोडकर
आज गुरुवार. दुपारी २ वाजून १० मिनिटांनी लाईट आली आणि मी खरंच मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसलो, बायको म्हणाली आता हेच बाकी होतं. हॉलचा स्पीकर ५० सेकंदांत तयार. हॉलच्या डब्याचं वायफाय फोनवर दिसायला २ मिनिटं ४० सेकंद.

मग यादी बघितली. बेडरूमच्या राउटरच्या यादीत तिन्ही स्पीकर. हॉलच्या यादीत फक्त माझा फोन, टीव्ही आणि बेडरूमचा राउटर स्वतः. आकडे असे:

```
माझा फोन        192.168.1.14
टीव्ही           192.168.1.17
हॉल स्पीकर      192.168.0.102
किचन स्पीकर     192.168.0.103
बेडरूम स्पीकर    192.168.0.105
```

तिसरा आकडा फोनचा १ आणि स्पीकरचा ०, हेच ना ते दोन घरं म्हणजे? फोन घेऊन बेडरूममध्ये गेलो, वायफाय बंद-चालू केलं, फोनला 192.168.0.106 मिळालं आणि कास्टमध्ये "सगळीकडे" लगेच दिसायला लागलं. हॉलमध्ये परत येऊन फोनचं वायफाय तसंच बंद-चालू केलं की गायब. आईला दाखवलं तर ती म्हणाली म्हणजे देव बेडरूममध्ये जाऊन बसला होय.

आणि हो, काका तुमचं बरोबर आहे, आत्ता हॉलवालाच तुटतोय.

तारेवरची_कसरत
आईंना नमस्कार सांगा, याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं.

आता दोनाचं एक घर करायचं. बेडरूमच्या राउटरच्या पानावर `Operation Mode` असं काही आहे का बघा, त्यात `Access Point` निवडायचं. मग तो स्वतःचे पत्ते वाटत बसत नाही, फक्त वायफाय देतो, आणि पत्ते वाटायचं काम एकटा हॉलचा डबा करतो. वायफायचं नाव-पासवर्ड तोच राहू द्या, स्पीकर परत सेट करायला लागणार नाहीत.

तो पर्याय नसेल तर हाताने करता येतं पण क्रम चुकवू नका, नाहीतर राउटरचं पान उघडायचं बंद होतं आणि मग मागच्या भोकात टाचणी खुपसून रिसेट करत बसायला लागतं. आधी बेडरूमच्या राउटरच्या निळ्या भोकातली केबल काढून ठेवा आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदला, 192.168.1.2 करा, तो हॉलच्या डब्याच्या वाटपाच्या यादीत येत नाहीये याची खात्री करून. तो रिस्टार्ट होईल. नव्या पत्त्यावर पान उघडा, मग पत्ते वाटणारा `DHCP Server` बंद करा. आणि सगळ्यात शेवटी ती केबल पिवळ्या चारपैकी कुठल्याही एकात घाला. रंग तुमच्या राउटरवर वेगळे असतील, ज्यावर `LAN` लिहिलंय त्यात.

घाटावरचा
मी हेच मागच्या वर्षी केलं होतं आणि केबल आधी बदलली. अर्धा तास घरात दोघेजण पत्ते वाटत होते, बायकोच्या फोनला एकाचा पत्ता, माझ्या फोनला दुसऱ्याचा, आणि लॅपटॉपवर नेटच नाही. क्रमाचं खरंच मनावर घ्या.

सिंहगडरोडकर
`Access Point` मिळालं काका! निवडलं, रिस्टार्ट झाला, दोन मिनिटं छातीत धडधड आणि मग सगळं एकाच यादीत. तिन्ही स्पीकर 192.168.1 वाले. हॉलमधून कास्ट दाबलं, "सगळीकडे" हजर, बेडरूममध्ये गेलो तरी हजर.

बेडरूमवाला मिनी बंद करून चालू केला तर तो जवळच्या राउटरला चिकटला. आता बेडरूम एकदाही तुटला नाही दोन दिवसांत.

किचन मात्र अजून तुटतंय 😐 आधी बेडरूमच्या गोंधळात लक्षात येत नव्हतं. संध्याकाळी जास्त. आणि किचन तुटलं की कधी कधी तिघेही एकदम गप्प होतात.

फुल्लस्पीड
मिक्सर! मिक्सर लावला की आमच्याकडे टीव्हीवर पण मुंग्या यायच्या. मोटरच्या ठिणग्या.

चहाबाज
तुमच्याकडे टीव्हीवर मुंग्या म्हणजे कुठल्या साली 😂

तारेवरची_कसरत
मिक्सरने जुन्या अँटेनावाल्या टीव्हीवर यायच्या हे खरं, पण वायफायला मिक्सर सहसा एवढा जड जात नाही. किचनमध्ये मायक्रोवेव्ह आहे का, आणि स्पीकरपासून किती लांब?

तिघेही एकदम गप्प होतात तेव्हा बहुतेक किचनवाला पुढारी झालेला असतो. तो अडकला की वाटणारा हातच थांबला. आणि बाकीच्यांना तो सरळ देत नाही, आधी राउटरला देतो आणि राउटर पुढे देतो, म्हणजे प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. लॅपटॉप केबलने हॉलच्या डब्याला जोडा, वायफायने नको, नाहीतर लॅपटॉपचीच गडबड मोजली जाईल. किचन स्पीकरचा आत्ताचा पत्ता यादीत बघून विंडोजच्या काळ्या खिडकीत हे टाका:

```
ping -t 192.168.1.23
```

पत्ता तुमचा टाका. पाच मिनिटं नुसतं चालू द्या, मग मायक्रोवेव्हमध्ये एक ग्लास पाणी ठेवून एक मिनिट लावा आणि आकडे बघा. रिकामा लावू नका. मग मिक्सरही लावा, फुल्लस्पीडचं समाधान होऊ दे.

सिंहगडरोडकर
मायक्रोवेव्ह आहे. आणि स्पीकर… मायक्रोवेव्हच्या वर आहे. आईने विणलेला क्रोशाचा रुमाल, त्यावर स्पीकर, शेजारी मनी प्लांट. फोटो टाकत नाही, तुम्ही सगळे हसाल.

मोजलं. नुसतं असताना ४ ते ९ मिलिसेकंदांच्या आसपास, मधेच एखादा ३०. मायक्रोवेव्ह लावल्यावर:

```
Reply from 192.168.1.23: bytes=32 time=6ms TTL=64
Reply from 192.168.1.23: bytes=32 time=412ms TTL=64
Request timed out.
Request timed out.
Reply from 192.168.1.23: bytes=32 time=287ms TTL=64
```

मायक्रोवेव्ह टिंग झाला की दोन ओळींत परत ६. मिक्सरला काहीही नाही, मी मुद्दाम दोनदा लावला, बायकोने विचारलं चटणी कुठे आहे.

तारेवरची_कसरत
मग झालं की. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, वायफायचा २.४ वाला बँड त्याच्या अंगाला अंग लावून. दार नीट बंद असलं तरी थोडी गळती असते, माणसाला तिचं काही नाही पण हात-दीड हातावरच्या स्पीकरला ती कानात शिट्टी वाजवल्यासारखी. संध्याकाळी जास्त तुटतं कारण संध्याकाळी गरम करणं जास्त.

पहिलं, स्पीकर तिथून उचला. किचनच्या दुसऱ्या टोकाला न्या, हॉलच्या भिंतीकडे. पाण्याच्या फिल्टरजवळ वगैरे, पण धातूच्या टाकीला किंवा फ्रिजला चिकटून नको. मग परत तीच चाचणी.

तरी पुरलं नाही तर त्या एकाच स्पीकरला ५ वर टाका. हॉलच्या डब्यात ५ चं नाव वेगळं करता येत असेल तर करा, मग ॲपमध्ये किचनच्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये `Device information`, तिथे वायफायसमोर `Forget`. त्यानंतर तो नव्यासारखा होतो, परत प्लस दाबून सेट करा आणि ५ चं नाव निवडा. ग्रुपमध्ये परत टिक करायला विसरू नका. आणि फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर सेटअपपुरता बंद करा, नाहीतर स्पीकर शोधतच बसतो.

न्यूजर्सीचा_पंत
आणि चॅनल? दोन्ही राउटर ऑटोवर असतील तर एकाच चॅनलवर येऊन बसतात कधी कधी.

तारेवरची_कसरत
पंत, हे मात्र पूर्ण बरोबर. २.४ वर एकमेकांत न घुसणारे चॅनल १, ६ आणि ११. हॉल १ वर ठेवा, बेडरूम ११ वर, रुंदी दोन्हीकडे २० मेगाहर्ट्झ. ४० ठेवली की अर्धा बँड एकटाच खातो आणि शेजाऱ्यांशी भांडत बसतो. मायक्रोवेव्ह साधारण बँडच्या वरच्या बाजूला जास्त त्रास देतो असा माझा अनुभव, म्हणून किचनजवळचा हॉल १ वर. पण प्रत्येक मायक्रोवेव्ह वेगळा, चाचणी करूनच ठरवा.

आजीची_गोधडी
आमच्या सोसायटीत सगळ्यांना एकच वायफाय आहे, त्यात आधी मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकावा लागतो. नातवाने दुसरा स्पीकरही घेतला पण तो जोडलाच जात नाही. दोघांचा असा जोड करता येईल का? बेडरूममध्ये ऐकायला मला फार बरं वाटेल.

तारेवरची_कसरत
आजी, ओटीपी मागणाऱ्या वायफायला स्पीकर जोडता येत नाही, त्याला ओटीपी टाकायला पडदाच नाही. शिवाय अशा सोसायटीच्या वायफायवर शेजाऱ्यांच्या उपकरणांनी एकमेकांना बघू नये म्हणून भिंत घातलेली असते, ती तुमच्याच दोन स्पीकरच्या मधेही येते. पहिला स्पीकर कशावर चालतोय मग?

आजीची_गोधडी
नातवाच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. तो ऑफिसला गेला की स्पीकर गप्प.

चहाबाज
आजी 😭 एक छोटा राउटर घ्या, सोसायटीने प्रत्येक घरात केबलचा पॉइंट दिला असेल तर त्याला लावायचा, स्वतःचं वायफाय.

तारेवरची_कसरत
पॉइंट असेल आणि त्यावरही ओटीपी मागत नसतील तर होईल. मागत असतील तर सोसायटीच्या नेटवाल्याशी बोलावं लागेल, तो उपकरणाचा नंबर नोंदवून ओटीपीशिवाय सोडू शकतो. सोडेलच असं नाही. नातवाला मला व्यक्तिगत निरोप पाठवायला सांगा.

घाटावरचा
धागा चालूच आहे तर माझं पण. हॉलच्या मिनीला ब्लूटूथने जुना साउंडबार जोडलाय, आणि तो मिनी ग्रुपमध्ये आहे. गाणं चालतं पण साउंडबार किचनच्या मागे ऐकू येतो, देवळात आरती म्हणताना मागची रांग मागे राहते तसं.

तारेवरची_कसरत
ब्लूटूथला आवाज पोचवायला थोडा वेळ लागतो. ॲपमध्ये त्या मिनीच्या सेटिंगमध्ये ऑडिओच्या आत `Group delay correction` आहे. घरातला दुसरा स्पीकर आणि तो साउंडबार शेजारी आणून ठेवा, ग्रुपवर टाळ्यांसारखं ठेक्याचं काहीतरी लावा आणि दोन्हीचा ठेका एक होईपर्यंत स्लायडर सरकवा. साउंडबारमध्ये सराउंड वगैरे मोड असतील तर आधी बंद करा, त्यांचा वेळ वेगळा लागतो. वायरने जोडता आला असता तर हे लागलंच नसतं पण मिनीला आवाज बाहेर काढायचं भोक नाही.

घाटावरचा
करून बघितलं. जवळपास जुळलं. पण साउंडबार झोपून उठला की परत थोडं मागे जातं. रोज सरकवायचं का?

तारेवरची_कसरत
काही साउंडबार दरवेळी जोडताना वेगळा वेळ घेतात, त्यावर माझ्याकडे इलाज नाही. कोणाला माहीत असेल तर लिहा.

सिंहगडरोडकर
परत गुरुवार, म्हणून अपडेट. लाईट २ वाजून २५ ला आली, मी काहीही हात लावला नाही. "सगळीकडे" पहिल्या झटक्यात दिसलं, तिन्ही वाजले. हॉलवाला मात्र अजूनही लाईट आल्यावर बेडरूमच्या राउटरला चिकटतो, यादीत बघितलं, म्हणजे दिसतो पण लांबून ऐकतो आणि एकदा तुटलाही. म्हणून आज इलेक्ट्रिशियनला बोलावून टीव्ही युनिटमागे इन्व्हर्टरचा पॉइंट काढून घेतला, हॉलचा डबा आता त्यावर. लाईट गेली तरी दोन्ही राउटर चालू राहणार. पुढच्या गुरुवारी कळेल.

किचन स्पीकर फिल्टरच्या बाजूला हलवला, चॅनल १ आणि ११ केले. मायक्रोवेव्ह चालू असताना आता ४० ते ९० पर्यंत जातं, `timed out` एका मिनिटात एखादं. गाणं तुटलं नाही चार दिवसांत, काल एकदाच तुटलं, तेव्हा मायक्रोवेव्ह बंदच होता त्यामुळे ते कशाने ते माहीत नाही. ५ वर अजून टाकला नाही.

क्रोशाचा रुमाल आता फिल्टरवर आहे. आई म्हणते तो स्पीकर ओला होईल.

तारेवरची_कसरत
ओला होईल, खरंच. वरच्या फळीवर ठेवा.